हंगाम उलटताना पीक मरू नये: निवांत शेती-खेळाच्या रचनेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेती आणि गावातलं जगणं यावर खेळ बनवणाऱ्यांचे प्रश्न वरवर निरनिराळे वाटतात. पण बहुतेक वेळा ते एकाच रात्रीपाशी येऊन थांबतात: हंगामाचा शेवटचा दिवस संपतो, खेळाडू झोपतो, सकाळी ऋतू बदललेला असतो आणि शेतात काहीतरी उभं असतं. त्या उभ्या पिकाचं तुम्ही काय करता, यावरून खेळाचा स्वभाव कळतो. म्हणून खालची बरीचशी उत्तरं त्या रात्रीभोवतीच फिरतात.

खेळात हार नाही म्हणजे नेमकं काय नाही? काही चुकतच नाही का?

चुकतं की. खेळाडू पाणी घालायला विसरतो, जत्रेच्या दिवशी मासे धरत बसतो, सगळे पैसे कुंपणावर उधळतो. या सगळ्याचा परिणाम व्हायलाच हवा, नाहीतर खेळाडूच्या कृतीला अर्थच उरत नाही.

परिणाम आणि हार यांतला फरक मी तीन प्रश्नांनी तपासतो. खेळाडूने कमावलेलं काही खेळ परत घेतो का? एखादं दार कायमचं बंद होतं का? आणि जिथून पुढे जायला काही मार्गच नाही अशा जागी तो अडकू शकतो का? तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर खेळात हार नाही. उशीर होणं, वाट बघावी लागणं, आज हवं ते उद्या मिळणं हे सगळं चालतं.

तिसरा प्रश्न सगळ्यात फसवा आहे. तो कागदावर सुटलेला दिसतो आणि प्रत्यक्ष खेळात निघतो. त्याबद्दल पुढे सविस्तर.

लोकप्रिय शेती-खेळांत तर पिकं मरतात. तरी ते लोकांना निवांत वाटतातच ना?

वाटतात, आणि त्यात काही खोट नाही. २०१६ साली आलेल्या ‘स्टारड्यू व्हॅली’चं उदाहरण घ्या. तिथे प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा आहे. नव्या ऋतूत न चालणारं पीक पहिल्याच सकाळी वाळून उभं असतं. रात्री दोनपर्यंत अंथरूण गाठलं नाही तर पात्र कोसळतं आणि काही पैसे जातात. म्हणजे वरून गोधडी आणि आत घड्याळ. अनेकांना नेमकी तीच टिकटिक आवडते.

पण त्या नियमातून काय जन्मतं ते बघा. तिथला भोपळा १३ दिवसांत तयार होतो. म्हणजे तो पानगळीच्या १५ तारखेपर्यंत लावायलाच हवा, १६ला लावला तर बियाणं वाया. हे गणित खेळात कुणी शिकवत नाही, पण एकदा भोपळे गमावलेला खेळाडू ते आयुष्यभर करत राहतो. महिन्याचा दुसरा अर्धा भाग त्याच्यासाठी वजाबाकीचा होतो. तुम्हाला तसा खेळ हवा असेल तर तो नियम चोख आहे. पण ‘हार नाही’ असं म्हणून तोच नियम उचललात तर खेळाडूच्या हाती वेळापत्रक पडेल.

मग हंगाम संपताना उभ्या पिकाचं काय करायचं?

तीन वाटा आहेत. पहिली: ऋतूचा पिकावर काहीच परिणाम ठेवायचा नाही. पीक वाचतं, पण ऋतू नुसता रंग बदलणारा पडदा होतो. दुसरी: पीक झोपवायचं आणि पुढच्या वर्षी त्याच ऋतूत जागं करायचं. ऐकायला ही फार सुंदर वाटते, पण ते वाफे तीन ऋतू अडकून पडतात. खेळाडू वैतागून ती झोपलेली रोपं स्वतःच उपटतो, म्हणजे पीक मारायचं काम तुम्ही त्याच्यावर ढकललंत.

मी तिसऱ्या वाटेने जातो: ऋतू पेरणी ठरवतो, पिकणं नाही. भोपळ्याचं बी फक्त पानगळीत रुजतं. पण एकदा रुजलं की ते पिकणारच. ऋतू उलटल्यावर त्याची वाढ निम्म्या वेगाने होते, इतकंच.

एक पीक आकड्यांत मांडून बघू. समजा ऋतू २० दिवसांचा आहे आणि भोपळ्याला आठ दिवस लागतात. खेळाडूने तो १७ तारखेला लावला. १७, १८, १९ आणि २० अशा चार रात्री त्याला पूर्ण वाढ मिळाली, चार दिवसांची वाढ उरली. हिवाळ्यात वेग निम्मा, म्हणजे उरलेल्या वाढीला आठ रात्री लागतील आणि भोपळा हिवाळ्याच्या नवव्या सकाळी तयार होईल. अगदी शेवटच्या दिवशी, म्हणजे २० तारखेला लावला असता तर एकच पूर्ण रात्र मिळाली असती, उरलेल्या सात दिवसांच्या वाढीला १४ रात्री लागल्या असत्या आणि भोपळा १५ हिवाळ्याला निघाला असता. उशीर झाला, पण हातचं काही गेलं नाही.

कोडमध्ये हे एवढंसं आहे. अर्ध्या दिवसाचा अपूर्णांक टाळायला मी वाढ दुपटीत मोजतो: आठ दिवसांच्या पिकाला १६ गुण लागतात.

```
func night_gain(crop, season, watered):
    if not watered:
        return 0
    if season in crop.seasons:
        return 2
    return 1
```

या फंक्शनमध्ये ऋण आकडा कुठेच परत येत नाही. पुढे कुणी टोळधाड किंवा गारपीट घालायचं सुचवलं तर ही ओळ दाखवायची आणि विचारायचं, ‘इथे उणे लिहायचं आहे का?’

हा नियम खेळाडूला कळतो का? आणि तो त्याचा गैरफायदा घेत नाही का?

पहिल्या भागाचं उत्तर: आपोआप नाही कळत. आम्ही हे पहिल्यांदा लावलं तेव्हा बर्फात उभं असलेलं हिरवं रोप बघून चाचणीला बसलेल्या मुलीला खेळ बिघडलाय असं वाटलं. दोन दिवस रोप तेवढंच दिसलं म्हणून तिने ते उपटलं. वाढ होत होती, पण चित्र बदलायला आता दुप्पट रात्री लागत होत्या. उपाय चित्रातच निघाला. ऋतूबाहेरच्या रोपाच्या बुडाशी आम्ही गवताचं आच्छादन दाखवू लागलो आणि रोपाजवळ गेलं की एक ओळ यायला लागली: ‘थंडीत हळूहळू पिकतंय.’ किती दिवस उरले हे मुद्दाम लिहिलं नाही. आकडा दिला की खेळाडू पुन्हा वजाबाकी करायला बसतो.

गैरफायदा म्हणाल तर हो, काही जण पानगळीच्या शेवटच्या दिवशी सगळं शेत भोपळ्याने भरतात आणि हिवाळ्यात काढणी करतात. सुरुवातीला मला ही पळवाट वाटली. मग लक्षात आलं, कुणाचं काय बिघडतंय? ज्याला हिवाळ्यात भोपळे हवेत त्याला ते मिळाले. एक मर्यादा मात्र घालावी लागली. टोमॅटोसारखी पुन्हा पुन्हा फळ देणारी झाडं ऋतूबाहेर नवा बहर धरत नाहीत. लागलेली फळं पिकतात, मग झाड झोपतं. तसं नसेल तर एकदा लावलेले टोमॅटो बाराही महिने चालतात आणि खेळाडू दुसरं काही पेरतच नाही. झोपलेलं झाड वाफा अडवतं हा मघाचा दोष इथेही आहे, पण ही झाडं मोजकी असतात आणि कुंडीत उचलून कडेला ठेवता येतात.

पाणी घालायचं राहिलं तर?

वाढ त्या रात्रीपुरती थांबते. माती फिकट दिसू द्या, पण पानं माना टाकलेली दाखवू नका. चित्रातल्या मलूल रोपाकडे बघून माणसाला अपराधी वाटतं आणि मग तो पाच मिनिटांसाठी उघडलेल्या खेळात हजेरी लावल्यासारखा पाणी घालत फिरतो. खऱ्या घड्याळावर चालणाऱ्या खेळांत हे जास्तच जाणवतं, कारण तिथे माणूस सुट्टीवर गेला तरी दिवस पुढे सरकतात. ‘ॲनिमल क्रॉसिंग’च्या आधीच्या भागांत पाणी न मिळालेली फुलं कोमेजायची. २०२०च्या ‘न्यू होरायझन्स’मध्ये ती तशीच टिकतात, पाणी दिलं तर नवी फुलं येण्याची शक्यता वाढते. कृती तीच, पण आता पाणी घालणं हा धाक राहिला नाही, भेट झाली.

दिवसाचं घड्याळ ठेवायचं की काढून टाकायचं?

ठेवा. घड्याळाशिवाय सकाळ-संध्याकाळ होत नाही, गावकरी हलत नाहीत आणि ऋतूला लय येत नाही. फक्त दिवसाचा शेवट खेळाडूच्या हाती द्या. आमच्या दिवसाला साधारण १२ मिनिटं लागतात: सकाळ, दुपार, कलती उन्हं. मग संध्याकाळ होते आणि घड्याळ तिथेच थांबतं. खेळाडू झोपायला गेला की रात्र होते. कुणी त्याला उचलून घरी टाकत नाही.

याने एक नवी भानगड उभी राहते. न संपणाऱ्या संध्याकाळी माणूस तळ्याकाठी बसून दोनशे मासे धरतो, विकतो आणि पहिल्याच आठवड्यात गावातलं सगळं विकत घेतो. मग दोन तासांत कंटाळून जातो. त्यावर थकव्याची पट्टी हा रुळलेला उपाय आहे, पण मला तो आवडत नाही. ती पट्टी रिकामी होताना दिसली की खेळाडू प्रत्येक पावलाचा हिशेब मांडतो. त्यापेक्षा जगालाच मर्यादा द्या. तळ्यात रोज आठ मासे असतात, ते संपले की पाणी शांत होतं आणि बेडूक ओरडायला लागतात. झाडाखाली पडलेल्या फांद्या एकदा उचलल्या की उद्यापर्यंत नाहीत. आजचं काम संपलं हे खेळाडूला पट्टी बघून नाही, आजूबाजूला बघून कळतं.

हरायची भीती नाही तर खेळाडू पुढे का खेळेल?

पुढे काय होतं ते बघायला. ध्येयं हवीतच, फक्त ती मुदतीची नसावीत. म्हातारीने पाच गाजरं मागितली आणि ‘तीन दिवसांत’ असं लिहिलं की ते बिल झालं. तिने नुसती मागितली, ती दिल्यावर चूल पेटली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या ओसरीवर दोन माणसं गप्पा मारत बसलेली दिसली, तर गाजरांमुळे गावात काहीतरी बदललं. बक्षीस म्हणून पैशांपेक्षा हा बदल जास्त टिकतो.

एका वेळी तीनच ध्येयं समोर ठेवावीत असं माझं मत आहे, आणि तीही वेगवेगळ्या लांबीची. एक आज संपेल असं, एक या ऋतूतलं, एक ‘कधीतरी’चं, जसं मोडका पूल बांधणं. वहीत वीस विनंत्या साठल्या की एकीलाही मुदत नसली तरी ओझं तेवढंच वाटतं.

परीक्षा घ्यायचीच असेल तर ती पुन्हा देता यावी. ‘स्टारड्यू व्हॅली’त तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आजोबांचा आत्मा येऊन शेताचं मूल्यमापन करतो. हे आधी कळलेला खेळाडू दोन वर्षं त्या दिवसाकडे डोळे लावून धावतो. प्रत्यक्षात एक हिरा अर्पण केला की मूल्यमापन पुन्हा होतं. सोय चांगली आहे, पण ती आधी कळत नाही. दार उघडं आहे हे दाराकडे बघूनच कळावं.

जत्रा, सण चुकले तर?

दरवर्षी येतात, हे एक. फक्त तिथेच मिळणारी आणि पुढे अडवणारी वस्तू तिथे ठेवायची नाही, हे दुसरं. आणि संवाद जपून लिहायचे. ‘तू आलाच नाहीस!’ आणि ‘तुझ्यासाठी एक कंदील बाजूला ठेवलाय’ या दोन्ही वाक्यांत खेळाडू गैरहजरच आहे, पण पहिल्यानंतर त्याला त्या शेजाऱ्याला टाळावंसं वाटतं.

खेळाडू कफल्लक झाला, बियाणंही नाही. अडकला का तो?

हाच तो फसवा प्रश्न. बहुतेक जण उत्तर देतात की रानात बोरंबिरं वेचून विकता येतील. ठीक. समजा वाटेवर रोज सकाळी तीन बोरं मिळतात, एक बोर दोन नाण्यांना जातं आणि गाजराचं बी पाच नाण्यांना मिळतं. म्हणजे सहा नाण्यांत रोज एक बी. सुटला.

आता हीच परिस्थिती हिवाळ्याच्या पहिल्या दिवशी आणून बघा. गाजर हिवाळ्यात रुजत नाही, बोरं बर्फाखाली. मग २० दिवस नुसतं झोपायचं किंवा फिरायचं. दिवस १२ मिनिटांचा धरला तर पूर्ण जगल्यास चार तास. खेळ म्हणतो की तू हरला नाहीस, पण चार तास हातात काहीच नाही. माझ्या लेखी ही हारच, फक्त पाटी लावलेली नाही.

म्हणून प्रत्येक ऋतूच्या पहिल्या सकाळचं एक खास सेव्ह बनवून ठेवायचं: शून्य नाणी, रिकामी पिशवी, रिकामं शेत. तिथून पहिलं पीक हाती यायला खेळातले किती दिवस लागतात ते मोजायचं. आमची मर्यादा सहा दिवस आहे. हिवाळ्यात ती पाळायला घरातल्या खिडकीत एक कुंडी द्यावी लागली, जिच्यात कोणत्याही ऋतूत काहीही रुजतं, आणि बर्फातही दिसणाऱ्या लाल फळांचं एक झुडूप लावावं लागलं. कुंडी एकच आहे, त्यामुळे हिवाळ्याचा रिकामेपणा शाबूत राहतो.

आणखी एक: कुदळ आणि झारी विकता येता कामा नये. हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण दुकानाचा कोड ‘पिशवीतली कोणतीही वस्तू’ असा लिहिलेला असतो आणि चाचणीत कुणीतरी झारी विकतंच.

नुकसान होत नाही म्हणून पैसा साठतच जातो. काय करावं?

साठू द्या, पण खर्चायला जागा ठेवा: पूल, वाचनालयाचं छप्पर, घराचे रंग. वस्तूंचे भाव मात्र दर टप्प्याला दुप्पट करू नका. तसं केलं की खेळाडू श्रीमंत होऊनही कायम गरीबच राहतो.

चाचणीत खेळाडू खरंच निवांत आहे की नाही हे कसं ओळखायचं?

त्याला विचारून नाही. ‘छान वाटलं, शांत आहे’ असंच सगळे म्हणतात. त्याचे हात बघा.

सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे दिवस मागे घेणं. खेळाडू सेव्ह न करता बाहेर पडून तोच दिवस पुन्हा खेळतोय, याचा अर्थ त्याला काहीतरी गमावल्यासारखं वाटलं. तो नेमका कोणता दिवस होता ते नोंदवा. आमच्याकडे अशा नोंदी दोनच ठिकाणी दाटल्या होत्या: ऋतूचा शेवटचा दिवस आणि जत्रेचा दिवस. दुसरी खूण: ऋतूच्या शेवटच्या तीन दिवसांत दिनदर्शिका वारंवार उघडणं. तिसरी म्हणजे कागद-पेन्सिल मागणं.

उलट बाजूचीही खूण असते. सकाळी उठून दार न उघडता पुन्हा झोपणं सलग चार-पाच दिवस दिसलं तर ती विश्रांती नाही, खेळाडू दिवस ढकलतोय. आमच्याकडे हे हिवाळ्यात फार व्हायचं. शेवटी आम्ही हिवाळा २०वरून १२ दिवसांवर आणला. चारही ऋतू सारख्या लांबीचे असायलाच हवेत असा काही नियम नाही. तसं करताना वरचा भोपळ्याचा हिशेब मात्र पुन्हा मांडावा लागला, कारण २० तारखेला लावलेला भोपळा आता हिवाळा संपल्यावर, वसंताच्या तिसऱ्या सकाळी निघतो. चाललं. बर्फ वितळलेल्या शेतात तो एकटा नारिंगी भोपळा छानच दिसतो.

ज्यांना आव्हान हवंय त्यांचं काय?

त्यांच्यासाठी पिकाची प्रत, प्रदर्शनं, दुर्मीळ बियाणं ठेवता येतं. पण तो रस्ता बाजूने जाऊ द्या, गावच्या मुख्य रस्त्यावर आणू नका. सगळ्यांना खूश करायचं म्हणून मधोमध थोडीशी मुदत टाकली की दोन्ही प्रकारचे खेळाडू नाराज होतात.

सुरुवात कुठून करू?

गाव, पात्रं, दुकान, सगळं बाजूला ठेवा. एक वाफा, एक पीक आणि पाच-पाच दिवसांचे दोन ऋतू एवढंच बनवा. पीक चार दिवसांचं ठेवा आणि कुणाला तरी काहीच न सांगता खेळायला बसवा. बरेच जण एकदा तरी चौथ्या किंवा पाचव्या दिवशी पेरतील. मग सहाव्या सकाळी त्याने वाफ्याकडे बघितल्यावर पहिली दोन मिनिटं गप्प राहून फक्त बघा: तो झारी उचलतो की बाहेर पडायचं बटण शोधतो.